अभ्यंगस्नानाचे ६,००० संच

वाघोली ओलांडून नगर रस्त्याने लोणीकंदकडे जाताना दोन्ही बाजूंना जी गोदामे लागतात, त्यांपैकी एका गोदामात मी मूल्यवर्धित सेवांचा विभाग पाहतो. आमच्या बोलण्यात त्याला सरळ ‘व्हीएएस’ म्हणतात. आलेला माल रॅकवर ठेवणे आणि मागणी आली की काढून देणे हे गोदामाचे मुख्य काम झाले. मालाला नवे लेबल लावणे, चार वस्तू एकत्र करून त्यांचा कॉम्बो बांधणे, श्रिंक रॅप करणे, भेटकार्ड घालणे अशी जी कामे माल गाडीत चढण्यापूर्वी करावी लागतात, ती आमच्याकडे येतात. सन २०२५ च्या दिवाळीपूर्वी असे एक काम आमच्याकडे आले. त्यात स्टिकरिंग आणि किटिंग, म्हणजे वेगवेगळ्या वस्तूंचा एक संच बांधणे, ही दोन्ही कामे एकमेकांत गुंतलेली होती, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

काम असे होते. सौंदर्यप्रसाधने विकणाऱ्या एका ग्राहक कंपनीला अभ्यंगस्नानाचे ६,००० संच हवे होते. प्रत्येक संचात ७५ ग्रॅमचे दोन साबण, १०० ग्रॅम उटणे, सुगंधी तेलाची १०० मिलिलिटरची बाटली, मातीच्या दोन पणत्या आणि अभ्यंगाची कृती छापलेले एक कार्ड, असा ऐवज होता. हे सर्व पारदर्शक खिडकी असलेल्या छापील पेटीत बसवायचे, पेटीवर संचाचे लेबल लावायचे, श्रिंक रॅप करायचा आणि २४ संचांचे एक कार्टन भरायचे, म्हणजे एकूण २५० कार्टन. साबण, उटणे आणि तेल गोदामात आधीच होते. पणत्या केशवनगरच्या कुंभारांकडून येणार होत्या. पेट्या आणि कार्डे छापखान्यातून येणार होती.

त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि अंगाच्या साबणावरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. गोदामातल्या साबणांच्या खोक्यांवर जुनी किंमत छापलेली होती. अशा न विकलेल्या मालावर सुधारित किंमत शिक्क्याने किंवा स्टिकरने दाखवण्याची मुभा केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत दिली होती. मात्र मूळ छापील किंमत झाकता कामा नये, ती वाचता आली पाहिजे, अशी अट होती. ६० रुपये छापलेल्या साबणाची किंमत १०५ भागिले ११८ या प्रमाणात कमी केली, तर ५३ रुपये ३९ पैसे येते. ग्राहक कंपनीने ती ५३ रुपये ठरवून आम्हांला लेखी कळवली. किंमत आम्ही कधीच ठरवत नाही. ती लेखी आल्याशिवाय छापतही नाही, कारण चुकीच्या किमतीचे स्टिकर लागले तर ते काढण्याचे काम लावण्याच्या कामाच्या तिप्पट पडते.

जुनी किंमत दिसू द्यायची हे सांगायला सोपे आहे. साबणाच्या खोक्यावर किंमत, बॅच क्रमांक, उत्पादनाचा महिना आणि वापराची अंतिम मुदत हे सारे आडव्या कडेच्या एका लहानशा चौकटीत छापलेले असते, आणि तेही कारखान्यातल्या इंकजेटने, त्यामुळे दर खोक्यावर ती छपाई थोडी वर-खाली झालेली असते. आमचे नेहमीचे स्टिकर त्या कडेवर लावले की किंमत वाचवावी तर बॅच झाकली जायची आणि बॅच वाचवावी तर मुदत. शेवटी अर्ध्या रुंदीचे स्टिकर मागवले आणि चौकटीच्या डाव्या रेषेला स्टिकरची उजवी कड टेकवायची, असे ठरवले. ‘मध्ये लावा’ किंवा ‘बाजूला लावा’ या सूचना टेबलावर चालत नाहीत, प्रत्येकाची बाजू वेगळी निघते. खोक्यावर आधीपासून छापलेल्या एखाद्या रेषेचा आधार दिला की तीस जणांचे हात एकाच जागी पडतात.

संचात घालायचे साबणही नव्या किमतीचे स्टिकर लावलेलेच असावेत, हा आग्रह आमचा होता. संचाची किंमत पेटीवर वेगळी असणार होती, त्यामुळे आतल्या साबणावर जुनी किंमत राहिली तर बिघडत नाही, असे ग्राहक कंपनीच्या एका अधिकाऱ्याचे म्हणणे होते. पण तसे केले असते, तर एकाच साबणाचे स्टिकर असलेले आणि स्टिकर नसलेले असे दोन ढीग एकाच छपराखाली पडले असते आणि दिवसभरात ते एकमेकांत मिसळले असते. म्हणून आधी सगळा साबण स्टिकरिंगच्या टेबलावरून जाईल आणि मगच संचाच्या लाइनवर येईल, असा क्रम ठरला. संचाला कोणता कर लागेल हा प्रश्न त्यांच्या हिशेबनिसांचा होता. वेगवेगळ्या दरांच्या वस्तू एकाच किमतीला एकत्र विकल्या, तर जीएसटी कायद्यात तो मिश्र पुरवठा ठरतो आणि त्यातल्या सर्वांत चढ्या दराने पूर्ण संचावर कर लागतो. साबण स्वस्त झाला म्हणून संचही त्याच मानाने स्वस्त होईल, असे त्यामुळे धरून चालता येत नाही. संचाची किंमत आम्हांला त्यांनी ही गणिते उरकल्यावरच कळवली.

किटिंगच्या कामात पहिल्यांदा बनवायचा असतो तो नमुना संच. त्यात प्रत्येक वस्तू कोणत्या कप्प्यात, कोणती बाजू वर, हे ठरते. ग्राहकाच्या सहीने तो मंजूर होतो आणि लाइनच्या डोक्यावर काचेच्या पेटीत ठेवला जातो. या कामात नमुन्याच्या टप्प्यावरच दोन गोष्टी लक्षात आल्या.

पहिली गोष्ट लेबलाची. संचाच्या पेटीवरचे लेबल आम्ही नेहमीच्या डायरेक्ट थर्मल कागदावर छापले होते. या कागदाला शाई किंवा रिबन लागत नाही, उष्णतेने कागदच काळा पडून अक्षर उमटते. नमुना संच प्लॅस्टिकचा रॅप उष्णतेने आकसवणाऱ्या श्रिंक टनेलमधून बाहेर आला तेव्हा लेबल राखाडी-काळे पडले होते आणि बारकोड स्कॅनरला वाचता येत नव्हता. टनेलमधली हवा साधारण दीडशे अंश सेल्सिअसची असते, तिच्यापुढे तो कागद दुसरे काय करणार? लेबल रॅपच्या वरून लावणे हा एक उपाय होता. पण दुकानदाराने किंवा घरी गिऱ्हाइकाने रॅप फाडला की किंमत, पॅकरचे नाव-पत्ता अशी कायद्याने आवश्यक असलेली सगळी माहिती रॅपबरोबर कचऱ्यात जाते. म्हणून साध्या कागदावर रिबनने छापायचे ठरले. रिबनही निव्वळ मेणाची नको, कारण तेलकट बोट लागले की ती छपाई पुसट होते, आणि तेलाच्या बाटल्या हाताळणाऱ्या लाइनवर बोटे तेलकट होणारच. मेण-रेझिन मिश्र रिबन थोडी महाग पडते, पण तीच मागवली.

दुसरी गोष्ट बारकोडची. संच ही स्वतंत्र विक्रीची वस्तू असल्यामुळे तिला स्वतःचा, ८९० ने सुरू होणारा बारकोड होता. पण खिडकीतून आतला साबण दिसत होता, आणि साबण पालथा पडला की त्याचाही बारकोड दिसत होता. दुकानातला स्कॅनर समोर जो बारकोड दिसेल तो वाचतो. अशा वेळी काउंटरवर पूर्ण संच ५३ रुपयांना जातो आणि त्या दुकानाच्या साठ्यात न विकलेला एक साबण कमी दिसतो. हे प्रकरण मी पूर्वी एका शाम्पू-कंडिशनरच्या जोडीत पाहिले होते, त्यामुळे खिडकीची पेटी पाहताच माझा हात आधी बारकोडाकडे गेला. यावर तोडगा काय काढला, ते पुढे येईल.

लाइनची आखणी करताना प्रत्येक कामाला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजले. पेटी उघडून तळ दुमडणे, साबण ठेवणे, बाटली ठेवणे ही कामे १५ ते २२ सेकंदांत होत होती. पणत्यांची जोडी बबल रॅपमध्ये गुंडाळायला मात्र ४० सेकंद लागत होते. तिथे एकच माणूस बसवला असता तर बाकीच्यांनी त्याच्याकडे बघत बसायचे. दोन बसवल्यावर तो टप्पाही २० सेकंदांवर आला आणि दर २४ सेकंदांना एक संच, म्हणजे तासाला १५० संच, हा वेग आम्ही धरला. पाळीतले सात तास प्रत्यक्ष कामाचे धरले तर हजारभर संच होतात. ग्राहक कंपन्या अनेकदा फोनवरच ‘नगामागे किती घेणार’ म्हणून विचारतात. नमुना हातात घेऊन सेकंद मोजल्याशिवाय दिलेला दर एक तर आमच्या अंगावर येतो किंवा त्यांच्या.

माल मोजून घेतला तेव्हा साबण, तेल, उटणे पुरेसे निघाले. पणत्या १२,४०० आल्या होत्या. त्यांतल्या तडे गेलेल्या आणि कानाकोपरा उडालेल्या ४७० बाजूला काढल्यावर ११,९३० उरल्या, म्हणजे ५,९६५ संचांपुरत्या. बाकी सगळे भरपूर असूनही ३५ संच तिथेच अडकत होते. संचांची संख्या सर्वांत तोकड्या घटकावर ठरते, त्यामुळे हा हिशेब लाइन सुरू होण्यापूर्वीच मांडावा लागतो. पणत्या केशवनगरहून संध्याकाळपर्यंत आणता आल्या. दुसऱ्या राज्यातून येणारी बाटली कमी पडली असती, तर ३५ संचांसाठी सगळी रवानगी थांबली असती.

आता या कामातला खरा कळीचा मुद्दा. संचात एखादी वस्तू घालायची राहून गेली, तर ते कळणार कसे? पेटी बंद झाल्यावर आणि रॅप चढल्यावर उघडून पाहणे म्हणजे ती पेटी, तो रॅप आणि तेवढे श्रम वाया घालवणे. सर्वसाधारण उत्तर वजनकाट्याचे असते, आणि आमच्या गोदामाच्या व्यवस्थापकांनीही तेच सुचवले. म्हणून प्रत्येक वस्तूचे दहा-दहा नग तोलून पाहिले. खोक्यासह साबण ८४ ग्रॅम, उटण्याचे पाकीट ११२, भरलेली बाटली १२८, पेटी ७० आणि कार्ड ५ ग्रॅम. यांत थोडाफार फरक होता, सगळ्यांचा मिळून जास्तीत जास्त ९ ग्रॅम इकडे-तिकडे. पणत्या मात्र चाकावरच्या, हाताने घडवलेल्या. एखादी ३० ग्रॅमची, तर एखादी ४२ ची. म्हणजे जोडी ६० पासून ८४ पर्यंत काहीही असू शकते. यावरून पूर्ण संचाचे वजन ५३४ ते ५७६ ग्रॅमच्या दरम्यान कुठेही बसते. साबण राहिला तर काटा ओरडतो, बाटली राहिली तरी ओरडतो, एक पणती राहिली तरी बहुधा कळते. पाच ग्रॅमचे कार्ड राहिले तर काट्याला त्याचा पत्ताच लागत नाही.

पणत्या घालण्यापूर्वी वजन करून पाहावे, असेही सुचले. पण तेव्हाही बाकीच्या वस्तूंचा ९ ग्रॅमांचा फरक कार्डाच्या ५ ग्रॅमांपेक्षा मोठाच होता. काटा अधिक अचूक घेतला असता तरी हा प्रश्न सुटला नसता, कारण दोष काट्यात नव्हता, वस्तूंच्या आपसांतल्या फरकात होता.

म्हणून वजन ठेवले ते जड वस्तूंसाठी, आणि कार्डासाठी मोजणीची रीत बदलली. पूर्वीच्या पद्धतीत कार्डांचा गठ्ठा टेबलावर असायचा आणि पाळीच्या शेवटी उरलेली कार्डे मोजली जायची. एक कार्ड जास्त उरले की हजार संचांपैकी कोणत्या तरी एकात ते नाही एवढेच कळायचे आणि मग कुणीही हजार पेट्या उघडायचे नाही. आता दर कार्टनमागे ट्रेमध्ये मोजून २४ कार्डे, ४८ साबण, २४ बाटल्या आणि २४ लेबले द्यायची आणि चोविसावा संच पुढे गेल्याशिवाय पुढचा ट्रे घ्यायचा नाही, असा नियम केला. ट्रेमध्ये काही उरले तर चूक त्या २४ संचांतच आहे आणि ते अजून टेबलाच्या टोकाला, रॅपच्या आधीच आहेत. पहिल्या पाळीत एकदा एक कार्ड उरले. चोवीस पेट्यांची झाकणे उचलून पाहिली, सतराव्या की अठराव्या पेटीत ते नव्हते. पाच मिनिटांचे काम.

या रीतीतही एक फट होती, आणि ती दाखवून दिली ती कार्डाच्या जागेवर बसणाऱ्या मावशींनी. छापखान्यातून ताजी आलेली गुळगुळीत कार्डे एकमेकांना चिकटून येत होती. ‘‘दादा, एका पेटीत दोन गेली आणि पुढची रिकामी गेली, तर ट्रे रिकामाच दिसंल की,’’ त्या म्हणाल्या. त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. अशा वेळी मोजणी चोख लागते, वजन मर्यादेत बसते आणि संच मात्र अपुरा जातो.

त्यावर तपासणी आणखी कडक करण्याऐवजी आम्ही कार्डाची जागाच बदलली. नमुन्यात ते सगळ्यांत तळाशी होते. ते वर, खिडकीच्या उजव्या भागामागे उभे बसवले, म्हणजे कार्डावरचे छापील चित्र बाहेरून दिसू लागले आणि त्यामागची साबणाची बारकोड असलेली बाजू आपोआप झाकली गेली. कार्ड नसेल तर खिडकीत साबणाचे खोके उघडे दिसते, ते रॅप करणाऱ्यालाही दिसते आणि कार्टन भरणाऱ्यालाही. ग्राहक कंपनीने नव्या नमुन्यावर सही करायला थोडी खळखळ केली, त्यांच्या जाहिरातीतल्या छायाचित्रात साबण पूर्ण दिसत होता. काउंटरवर ५३ रुपयांत संच विकला जाण्याचा धोका समजावल्यावर सही झाली.

बॅचच्या बाबतीत एक नियम आम्ही सोडत नाही. संचावर मुदत छापायची ती आतल्या सर्वांत आधी संपणाऱ्या वस्तूची, इथे ती उटण्याची होती. संचाला स्वतःचा लॉट क्रमांक असतो, आणि आतल्या कोणत्याही एका वस्तूची बॅच बदलली की लाइन थांबवून, टेबल रिकामे करून, लॉट बदलायचा. साबणाच्या बॅच बदलत गेल्यामुळे हे पुन्हा पुन्हा करावे लागले, आणि दर वेळी दहा-पंधरा मिनिटे मोडली. ज्यांना लाइनचा वेग तेवढा दिसतो त्यांना हा वेळ वाया गेलेला वाटतो. पण उद्या साबणाची एखादी बॅच परत मागवावी लागली, तर कोणते कार्टन परत आणायचे हे सांगणारी दुसरी कोणतीही नोंद नसते.

लेबलांचा हिशेब काम संपल्यावर मांडला. छापली होती ६,२००. संचांवर लागलेली ६,०००, खराब झालेली आणि कागदावर चिकटवून ठेवलेली १३८, नोंदवहीत लावलेली ४ आणि उरलेली ५६. बेरीज ६,१९८ आली. दोन लेबले कुठे आहेत हे कळेपर्यंत गाडीला गेटपास दिला नाही, तेव्हा वाहतूकदाराचा माणूस वैतागला, आणि त्याच्या जागी कुणीही वैतागला असता. पण हरवलेले लेबल कचऱ्यात असेल तर ठीक, ते दुसऱ्या मालावर चिकटले असेल तर त्या मालाची किंमत आणि बारकोड दोन्ही बदलतात. शोधल्यावर ती दोन्ही शेजारच्या लाइनवरच्या सुट्या साबणाच्या एका कार्टनच्या तळाला चिकटलेली सापडली. टेबलावरून खाली पडली आणि वरून कार्टन सरकवले गेले, इतकेच घडले होते. दुकानाच्या गोदामात ते कार्टन उलटे ठेवले गेले असते, तर साबणाची आवक संच म्हणून नोंदली गेली असती.

दिवाळीनंतर काही संच परत आले, आणि त्यांचे काम उलट्या दिशेने करावे लागले. रॅप कापून संच सोडायचे, साबण, तेल आणि उटणे तपासून आपापल्या बॅचनिहाय साठ्यात जमा करायचे आणि सिस्टीममध्ये संचाचा साठा तेवढ्याने कमी करायचा. लॉट क्रमांकावरून बॅच लगेच मिळत असल्यामुळे साबण सुट्या विक्रीसाठी त्याच आठवड्यात मोकळा झाला, आणि त्यावर ५३ रुपयांचे स्टिकर आधीच असल्याने पुन्हा हात लावावा लागला नाही. उटण्याची मुदत कमी राहिली होती, ते आधी बाहेर काढायच्या रांगेत लावले. पणत्या ग्राहक कंपनीला नको होत्या. लेबल लागलेल्या रिकाम्या पेट्या मात्र नुसत्या रद्दीत दिल्या नाहीत. त्यांवरचा किंमत आणि बारकोडाचा भाग कापून वेगळा नष्ट केला, त्याची संख्या नोंदवली आणि संचाचा तो बारकोड सिस्टीममध्ये बंद केला.